कॅम्पस भरती : ३० जण रुजू व्हायला हवेत, तर ऑफर किती द्यायच्या?

निळी_खिडकी

नमस्कार मंडळी. आमची मध्यम आकाराची सॉफ्टवेअर कंपनी आहे. गेल्या वर्षी मी कॅम्पस भरतीत फक्त मुलाखती घेतल्या होत्या, यंदा मात्र सगळी आखणी माझ्याकडे आली आहे. तीन इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, मिळून साधारण ६४० मुलंमुली चाचणीला बसतील. पदवी हातात आल्यावर त्यातले ३० जण प्रत्यक्ष कामावर यायला हवेत.

गेल्या वर्षीचा हिशेब असा. चाचणीत ६० टक्क्यांची कट-ऑफ होती. पेपर अवघड गेला आणि जेमतेम ५८ जण वर आले. त्या ५८ मधून ३१ जणांना ऑफर दिली. ५ जणांनी नकार दिला, होकार दिलेल्या २६ पैकी आणखी ५ जण रुजू व्हायच्या दिवशी आलेच नाहीत. म्हणजे हाती उरले २१. मग उरलेली कामं बाकीच्यांवर पडली, आणि वर्षभर माझ्या टीमने ते सोसलं.

यंदाचा विचार असा आहे : दर कॉलेजला वेगळा दिवस, वेगळा प्रश्नसंच, २५ बहुपर्यायी प्रश्न आणि कोडिंगचे २ प्रश्न, वेळ ९० मिनिटं. कट-ऑफ ६० ऐवजी ५० करावी का? आणि ऑफर ४० द्याव्यात की ४५? ज्यांनी हे केलं आहे त्यांनी कृपया सांगा.

---

शेवटचं_सेमिस्टर

ताई, कट-ऑफ ५० ठेवणार असाल तर खूप बरं होईल. आम्ही सराव कोणत्या भाषेत करावा? जावा चालेल का? आणि बहुपर्यायी प्रश्नांना उणे गुण असतील का?

---

निळी_खिडकी

अरे, मी कंपनीच्या बाजूने विचारते आहे, तुमच्या कॉलेजची चाचणी कदाचित वेगळीच असेल. पण धाग्यावर थांब. विद्यार्थ्यांना काय अडतं हे आम्हालाही कळायला हवं.

---

जुना_वाटाड्या

कट-ऑफ किती टक्के, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा आणि हिशेब मागच्या टोकाकडून करत या.

तुमच्याच आकड्यांवरून, ३१ ऑफर आणि २१ रुजू म्हणजे साधारण ६८ टक्के. ३० हवे असतील तर ३० भागिले ०.६८, म्हणजे ४४ ऑफर. आता ४४ जण मुलाखतीतून पक्के निवडायचे तर मुलाखती किती? इथे एक गोष्ट खरीखुरी सांगा. गेल्या वर्षीच्या ३१ पैकी किती जणांना मुलाखत घेणाऱ्यांनी मनापासून 'हो' म्हटलं होतं, आणि किती जणांना 'चालेल, घेऊन टाकू' म्हणून घेतलं?

---

निळी_खिडकी

जुने अभिप्राय उघडून पाहिले. ठाम 'हो' २४ जणांना होतं. बाकीचे ७ जण जागा भरायच्या म्हणून घेतले.

---

जुना_वाटाड्या

मग तुमचा खरा दर ५८ पैकी २४, म्हणजे ४१ टक्के. ४४ भागिले ०.४१ म्हणजे १०७ मुलाखती. आता मुलाखतींची तुमची ताकद मोजा. दोन-दोन जणांची किती पॅनेलं, दिवसाला किती मुलाखती, किती दिवस?

---

निळी_खिडकी

५ पॅनेलं, प्रत्येकी दिवसाला ७, असे ३ दिवस. म्हणजे १०५. त्याहून जास्त दिवस कोणी सोडणार नाही.

---

जुना_वाटाड्या

छान, गरज आणि ताकद जवळजवळ जुळली. आता कट-ऑफ आपोआप ठरते : क्रमवारीतले पहिले १०५. तो आकडा ५२ टक्क्यांवर येवो की ४४ वर, पेपरच्या कठीणपणावर तो अवलंबून राहील. गेल्या वर्षी तुम्ही टक्के आधी ठरवले, म्हणून ५८ वर अडकलात, आणि चाचणीतली चूक मुलाखतीत निकष सैल करून भरून काढावी लागली.

एक पथ्य मात्र पाळा. तळाशी एक साधी मर्यादा असू द्या. ज्याला एकाही कोडिंग प्रश्नात काही करता आलं नाही, त्याला क्रमांकात बसतो म्हणून बोलावू नका. आणि १०५ व्या क्रमांकाचे गुण आणखी चार-सहा जणांना असतील तर त्या सगळ्यांना बोलावा. त्यांच्यात फरक करण्याइतकी बारीक ही चाचणी नाही.

---

गणिती

वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे संच असतील तर कच्च्या गुणांवर क्रमवारी लावूच नका. एक संच सोपा, एक अवघड असं होतंच. प्रत्येक दिवसाच्या गुणांचं पर्सेंटाइल काढा आणि पर्सेंटाइलवर एकच यादी करा. प्रश्न मिटला. शिवाय उणे गुण ठेवा, अंदाजपंचे उत्तरं थांबतात.

---

जुना_वाटाड्या

गणिती, अर्धी गोष्ट तुम्ही बरोबर धरली आहे. संच कमीअधिक अवघड असणारच, आणि पर्सेंटाइलने ते निघून जातं. पण या आखणीत एका दिवशी एकच कॉलेज आहे. समजा पहिल्या कॉलेजातली मुलं खरोखरच जास्त तयारीची आहेत. पर्सेंटाइल लावलं की तो फरकही संचाच्या फरकाबरोबर पुसला जातो, कारण गणिताला दोन्ही फरक एकसारखेच दिसतात. तीनही कॉलेजांतून सारखेच टक्के वर येतील, मुलं कशीही असोत. गटागटांत मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटली असतील, तेव्हाच पर्सेंटाइल न्याय देतं.

उणे गुणांबद्दल माझं मत वेगळं आहे. त्याने धाडसी मुलं आणि जपून खेळणारी मुलं यांत फरक पडतो, आणि तो तुम्हाला मोजायचाच नव्हता. पण यावर माझ्याशी वाद घालणारे जाणकार आहेत, तेव्हा हे फक्त माझं मत समजा.

निळी_खिडकी, चाचणी ऑनलाइन आहे ना? मग तीन दिवस का?

---

निळी_खिडकी

प्रत्येक कॉलेजच्या लॅबमध्ये ११० च्या आसपासच संगणक आहेत आणि मुलं २१० च्या वर. घरून चाचणी द्यायला लावायची नाही असं आम्ही ठरवलं आहे.

---

जुना_वाटाड्या

मग दोन तुकड्या करा, पण कॉलेजवार नको. सकाळी तीनही कॉलेजांत एकाच वेळी पहिली तुकडी, लगेच दुसरी. कोण कोणत्या तुकडीत, हे यादीवर रँडम पद्धतीने ठरवा. शाखेनुसार किंवा हजेरी क्रमांकाने लावू नका, नाहीतर सगळे संगणक शाखेचे सकाळी आणि सगळे मेकॅनिकलचे दुपारी येतील. असं केलं की दोन्ही तुकड्या एकमेकींसारख्या होतात, आणि गणितींचं पर्सेंटाइल इथे अगदी योग्य ठरतं.

दुसरी तुकडी आत बसेपर्यंत पहिलीला बाहेर सोडू नका. शेजारच्या वर्गात वीस मिनिटं बसवा. संच वेगळे असले तरी कोडिंगच्या प्रश्नाचा बाज कळला की पुढच्याला मोठा फायदा होतो.

---

सुकाणू

मी एका कॉलेजात प्लेसमेंटचं काम पाहते. तीन कॉलेजांना एकच वेळ पाळायला लावणं बोलायला सोपं आहे. परीक्षा, प्रॅक्टिकल, दुसऱ्या कंपन्यांच्या तारखा, सगळं जमवावं लागतं. निदान सहा आठवडे आधी कळवा आणि एक पर्यायी तारीखही द्या. विजेचा भरवसा नसेल तर लॅबच्या यूपीएसची आधीच विचारणा करा. आमच्याकडे एकदा चाळीस मुलांची चाचणी मध्येच बंद पडली, आणि पुन्हा कोणता संच द्यायचा हे कंपनीने ठरवलंच नव्हतं. तिसरा संच तयार ठेवा.

---

अर्धविराम

मी डेव्हलपर आहे, आमच्याकडचे कोडिंग प्रश्न मी काढतो. एक अनुभव सांगतो, कारण तो मला फार लागला होता.

प्रश्न होता : दिलेली कंसांची मालिका जुळते का, हो किंवा नाही छापा. दहा लपवलेल्या टेस्ट केस, प्रत्येकीला १० गुण. निकाल आला तेव्हा ६१ मुलांना बरोबर ७० गुण होते. एकाच आकड्यावर एवढी गर्दी बघून शंका आली आणि मी त्यांचे कोड उघडले. बहुतेकांचा सगळा प्रोग्रॅम एवढाच होता :

```python
print("NO")
```

दहापैकी सात टेस्ट केसचं उत्तर 'नाही' होतं. ती चूक माझी. मनापासून लिहून, पण कुठेतरी एका अटीला चुकलेल्या मुलांना ५० गुण, आणि काहीच न लिहिलेल्यांना ७०. ती यादी तशीच पुढे गेली असती तर मुलाखतीला भलतीच मुलं आली असती.

आता मी हो-नाहीचे प्रश्न देतच नाही, ज्यात संख्या किंवा यादी छापावी लागते असेच देतो. टेस्ट केस गटांत बांधतो : लहान इनपुट, कडेचे प्रसंग, मोठं इनपुट. गटातल्या सगळ्या उतरल्या तरच त्या गटाचे गुण. आणि पेपर पक्का करण्याआधी रिकामा प्रोग्रॅम, एकच उत्तर छापणारा प्रोग्रॅम आणि सगळ्यात ढोबळ पण बरोबर प्रोग्रॅम, असे तीन स्वतः चालवून कोणाला किती गुण मिळतात ते बघतो. पहिल्या दोघांना शून्याच्या जवळ आणि तिसऱ्याला निम्म्याच्या आसपास मिळायला हवेत.

अजून एक. कंपनीतल्या, एक-दोन वर्षांचा अनुभव असलेल्या पाच-सहा जणांना पेपर सोडवायला बसवा. त्यांना ९० पैकी ६० मिनिटांहून जास्त लागली तर पेपर लांब आहे.

---

शेवटचं_सेमिस्टर

विद्यार्थी म्हणून एक सांगू का? मागच्या एका चाचणीत मला उत्तर येत होतं. पण त्या प्लॅटफॉर्मवर इनपुट कसं वाचायचं हेच पंधरा मिनिटं कळलं नाही. आधी एक छोटी सराव चाचणी द्यायला मिळाली असती तर बरं झालं असतं. आमच्या वर्गात अशी खूप मुलं होती.

---

अर्धविराम

हे अगदी खरं आहे. दोन दिवस आधी त्याच प्लॅटफॉर्मवर दोन संख्यांची बेरीज करायचा एक बिनगुणांचा प्रश्न देऊन ठेवा. त्यात ज्यांची अडचण होईल त्यांच्यासाठी एक मेल पत्ता द्या.

---

निळी_खिडकी

सगळ्यांचे आभार, ही दोन्ही कामं यादीत घेतली. आता ऑफरबद्दल सांगा. ४४ ऑफर एकदम काढायच्या का? आमचे संचालक म्हणतात, सगळेच आले तर ४४ जणांना बसवायचं कुठे?

---

जुना_वाटाड्या

सगळेच येतील अशी शक्यता जवळजवळ नाही, पण त्यांची भीती अगदीच निराधारही नाही. प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्र धरला तर ४४ पैकी ३० च्या आसपास येतील, मात्र २४ ते ३६ च्या मध्ये कुठेही आकडा पडू शकतो. आणि निर्णय स्वतंत्र नसतातच. एक विचारतो : गेल्या वर्षी नकार दिलेले ५ जण कोणत्या कॉलेजचे होते?

---

निळी_खिडकी

चार एकाच कॉलेजचे. आमच्यानंतर आठवड्याने तिथे एक मोठी कंपनी आली होती.

---

जुना_वाटाड्या

म्हणजे ते चार वेगळे नकार नव्हते, एकाच कारणाने चार जागा गेल्या. अशा वेळी सरासरीवर विसंबता येत नाही. म्हणून ऑफर दोन टप्प्यांत काढा आणि लक्ष होकारांच्या आकड्यावर ठेवा.

तुमच्याकडे होकार दिल्यावर न येणारे १९ टक्के आहेत, म्हणजे ३० रुजू व्हायला ३७ होकार हवेत. पहिल्या टप्प्यात ३८ पत्रं, उत्तराला दहा दिवस. ८४ टक्क्यांनी ३२ होकार येतील. मग जे कमी पडतील तेवढेच, म्हणजे पाच-सहा, दुसऱ्या टप्प्यात. कोणत्या कॉलेजातून जास्त गळती झाली हे तोवर कळलेलं असतं. होकार ३७ झाले की अनिश्चितता उरते ती फक्त न येणाऱ्यांची, आणि आकडा साधारण २५ ते ३५ मध्ये राहतो. पल्ला फारसा घटत नाही, हे खरं आहे. पण मोठी कंपनी येऊन गेल्यावरचा धक्का तुम्हाला सहा महिन्यांनी न कळता दहा दिवसांत कळतो.

संचालकांना एकच विचारा : २६ आले तर जास्त अडचण, की ३५ आले तर? त्या उत्तरावर ३७ चा आकडा दोनाने वरखाली करा. आणि ३५ आले तर सगळ्यांना घ्यायचं, हे आधीच लेखी मान्य करून घ्या. दिलेली ऑफर मागे घेणं म्हणजे त्या मुलाने तुमच्यासाठी सोडलेल्या इतर संधी हिरावून घेणं आहे. तेवढ्यासाठी तरी आकडा जपून धरा.

---

पाऊलवाट

माझ्यावर हे गुदरलं आहे म्हणून लिहिते. मला शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला ऑफर मिळाली. घरात आनंदीआनंद. त्यानंतर सात महिने कंपनीकडून एक शब्द नाही. रुजू व्हायची तारीख पत्रात 'नंतर कळवू' अशी होती. दोन मेल केले, उत्तर नाही. दुसरीकडून तारीख लिहिलेलं पत्र आलं आणि मी तिकडे गेले. पहिल्या कंपनीच्या दप्तरी मी 'होकार देऊन न आलेली' म्हणून असणार. पण मी वाट पाहत होते हो. एवढंच सांगायचं आहे की ते १९ टक्के सगळे दगा देणारे नसतात.

---

सुकाणू

पाऊलवाट, अशा मुलामुली दर वर्षी माझ्या टेबलासमोर बसतात. पत्रात रुजू व्हायची तारीख, कामाचं ठिकाण, पगारातला पक्का भाग आणि बदलता भाग वेगवेगळा, बॉण्ड असेल तर त्याची मुदत, आणि एखादा विषय राहिला तर काय, हे सगळं पहिल्याच पत्रात हवं. मागाहून कळलेल्या बॉण्डमुळे होकार मागे गेलेले मी पाहिले आहेत.

गळती आधी ओळखायची खूणही सांगते. कागदपत्रं अपलोड करायला जो टाळाटाळ करतो आणि रुजू होण्याबद्दल ज्याला एकही प्रश्न नसतो, तो बहुतेक दुसरीकडे बघतो आहे. त्याला धमकीचा मेल नको, फोन करा. महिन्यातून एकदा, जिथे तो काम करणार आहे त्या टीममधल्या कोणीतरी.

पण वाटाड्या, तुमच्या दुसऱ्या टप्प्याला माझा विरोध आहे. आमच्याकडे नियम आहे : निवड झाली की मुलगा पुढच्या कंपन्यांना बसत नाही. मग प्रतीक्षायादीवरचा कोण? निवड झालेला की न झालेला? तुमचे दहा दिवस संपेपर्यंत दोन कंपन्या येऊन जातात. मी माझ्या मुलांना प्रतीक्षायादीवर ठेवू देत नाही.

---

जुना_वाटाड्या

तुमचं म्हणणं रास्त आहे. प्रतीक्षायादीतल्यांना इतर कंपन्यांना बसायची पूर्ण मुभा हवी, आणि कंपनीने तसं कॉलेजला लेखी कळवावं. मधल्या काळात त्यातले काही हातचे जातील, ती किंमत कंपनीने सोसावी. मी क्रमांकही सांगतो : 'तुम्ही यादीत तिसरे आहात, अमुक तारखेला कळवू.' ती तारीख पाळतो.

---

सुकाणू

क्रमांक सांगितला की मुलगा तिसऱ्या क्रमांकाच्या आशेवर पुढच्या मुलाखतीची तयारी सोडतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मला हे पटत नाही.

---

निळी_खिडकी

चाचणी झाली, म्हणून इथे कळवते.

दोन्ही तुकड्या तीनही कॉलेजांत एकाच वेळी झाल्या. पहिल्या तुकडीचा मध्य ४१, दुसऱ्याचा ४७, म्हणजे दुसरा संच सोपा होता. कच्चे गुण लावले असते तर दुपारच्या मुलांना फुकटचा फायदा झाला असता. पर्सेंटाइल लावून यादी केली.

निकाल लावण्याआधी मी प्रत्येक बहुपर्यायी प्रश्न वरच्या पाव भागातल्या आणि तळाच्या पाव भागातल्या मुलांनी किती बरोबर सोडवला ते पाहिलं. सकाळच्या संचातल्या एका प्रश्नात वरच्यांपैकी २२ टक्के बरोबर आणि तळाच्यांपैकी ४८ टक्के. उलटंच! प्रश्न होता, उणे ७ ला २ ने पूर्णांक भागाकार केला तर उत्तर काय. आमच्या उत्तरसूचीत उणे ३. अर्धविराम, तुमच्या लक्षात आलंच असेल :

```
C:       -7 / 2    →  -3
Python:  -7 // 2   →  -4
```

भाषेचं नाव प्रश्नात लिहिलंच नव्हतं. पायथनवाल्या चांगल्या मुलांनी उणे ४ लिहून गुण गमावले. प्रश्न सगळ्यांसाठी रद्द केला आणि यादी पुन्हा लावली. पहिल्या १०५ मध्ये ९ नावं बदलली. त्या ९ जणांचा विचार करून मला रात्री झोप लागली नाही.

१०५ व्या जागेवर एकसारखे गुण असलेले ७ जण होते. एक पॅनेल अर्धा दिवस जास्त द्यायला तयार झालं, म्हणून सगळ्यांना बोलावलं आहे.

---

अर्धविराम

रद्द केलात हे उत्तम. मुलाखतींना एक जपा : कोणत्या मुलाची मुलाखत कोणतं पॅनेल घेणार हेही रँडम ठेवा, आणि पहिल्या दिवशी संध्याकाळी पाचही पॅनेलांचा निवडीचा दर शेजारी-शेजारी मांडा. आमच्याकडे एक पॅनेल सातपैकी पाच घेत होतं आणि दुसरं एक. दोघांना एकत्र बसवून त्यांचीच टिपणं वाचायला लावली. तेव्हा कळलं की कडक पॅनेल ज्या विषयावर अडवत होतं तो आम्ही कामावर आल्यावर शिकवतोच.

---

निळी_खिडकी

करते. मुलाखती सोमवारपासून आहेत. पहिल्या टप्प्याची ३८ पत्रं तीनही कॉलेजांत एकाच तासाला निघतील, म्हणजे एका कॉलेजची बातमी ऐकून दुसरीकडच्यांची घालमेल व्हायला नको. संचालकांनी ३५ पर्यंत घ्यायचं लेखी मान्य केलं आहे.

प्रतीक्षायादीचं मात्र अजून ठरत नाहीये. एक कॉलेज सुकाणूंसारखंच ठाम 'नाही' म्हणतं आहे, बाकीची दोन तयार आहेत. मग त्या कॉलेजच्या मुलांना पहिल्याच टप्प्यात जास्त पत्रं द्यायची, की दुसऱ्या टप्प्यातून ती सरळ वगळायची? पहिलं केलं तर क्रमवारी मोडते, दुसरं केलं तर कॉलेजच्या नियमाची किंमत मुलं भरतात.

---

सुकाणू

वगळू नका. त्या कॉलेजला विचारा, की पत्रांना दहाऐवजी चार दिवसांची मुदत चालेल का. चार दिवस असतील तर मीही एखादी कंपनी पुढे ढकलून बघेन.

---

जुना_वाटाड्या

चार दिवसांत मुलांना घरी बोलायला वेळ मिळत नाही, आणि घाईत दिलेला होकार नंतर सुटतो. सहा दिवस मागून बघा.

---

निळी_खिडकी

उद्या सकाळी त्यांना फोन करते. काय ठरलं ते इथेच लिहीन.